घात आली, म्हणजे काय आले?

अपठित उताऱ्याखालच्या प्रश्नांत एक प्रश्न बहुधा ठरलेला असतो : अधोरेखित शब्दाचा उताऱ्यातील अर्थ कोणता? खाली चार पर्याय. मुले हा प्रश्न सर्वांत आधी उरकतात, कारण तो उतारा न वाचताही सुटेल असे त्यांना वाटते. शब्द ओळखीचा असतो, पाठ केलेल्या समानार्थी शब्दांच्या यादीतला असतो, आणि त्या यादीतला अर्थ पर्यायांत हमखास दिलेला असतो. प्रश्न काढणाऱ्याने तो मुद्दामच दिलेला असतो. ओळखीच्या अर्थाकडे धावणारा विद्यार्थी आणि उतारा वाचून थांबणारा विद्यार्थी वेगळे काढण्यासाठीच हा प्रश्न असतो, आणि गुण जातो तो इथेच.

पुढच्या पानांत जे उतारे दिले आहेत, ते या एकाच प्रकारच्या प्रश्नासाठी आहेत. सारांश, शीर्षक, लेखकाचा दृष्टिकोन वगैरे प्रश्न इथे नाहीत. शब्दाचा अर्थ संदर्भातून कसा काढायचा आणि चारही पर्याय एकेक करून कसे तपासायचे, एवढाच या पुस्तकाचा विषय. पद्धत काय आहे ते एका उताऱ्यावरच दाखवतो. तो उतारा असा :

"रोहिणी कोरडी गेली. मृगाच्या तिसऱ्या दिवशी मात्र रात्रभर पाऊस लागून राहिला. सकाळी शेजाऱ्यांनी तिफणी जुंपल्या. आबांनी बैल दावणीलाच ठेवले. चिखलात बी टाकून दुबार पेरणीचे हाल त्यांनी पूर्वी दोनदा भोगले होते. पुढचे चार दिवस ऊन पडले. आबा रोज बांधावर जात, मूठभर माती उचलून दाबत, हाताकडे पाहत आणि काही न बोलता परत येत. पाचव्या दिवशी त्यांनी माती दाबली तेव्हा तिचा गोळा झाला. तो गोळा वरून सोडला तेव्हा जमिनीवर पडून फुटला. 'घात आली,' ते म्हणाले आणि तिफण बाहेर काढली. आठवड्याभरात त्यांच्या रानात कोंब दिसू लागले. शेजाऱ्यांचे बी निम्मे कुजले होते. ते पुन्हा बियाण्याच्या दुकानाकडे निघाले."

प्रश्न : 'घात' या शब्दाचा उताऱ्यातील अर्थ कोणता? पर्याय : (१) फसवणूक, (२) पावसाची सर, (३) पेरणीजोगी ओल, (४) पेरणीची घाई.

पहिली गोष्ट पर्याय बघण्याआधीच करायची आहे. पर्यायांवर हात ठेवावा. ज्या वाक्यात शब्द आला ते वाक्य, त्याच्या आधीची दोन वाक्ये आणि नंतरचे एक वाक्य पुन्हा वाचावे. मग त्या शब्दाच्या जागी स्वतःचा एखादा शब्द घालून पाहावा, कसाही, अगदी बोलीतला. इथे बहुतेक मुले 'वेळ आली' किंवा 'जमीन तयार झाली' असे काहीतरी म्हणतात. तो शब्द नेमका नसला तरी चालतो. दिशा बरोबर असली की पुरे. पर्याय आधी वाचले तर ही दिशा आपली राहत नाही, कारण पर्याय वाचल्यावर डोक्यात जे घोळते ते प्रश्न काढणाऱ्याने घातलेले असते.

आता हात काढावा आणि प्रत्येक पर्याय वाक्यात बसवून वाचावा. वाचताना क्रियापदाचे लिंग-वचन बदलावे लागले तर बदलावे, पण वाक्य पूर्ण म्हणावे.

पहिला पर्याय. "फसवणूक आली, ते म्हणाले आणि तिफण बाहेर काढली." मराठीत फसवणूक होते, केली जाते, ती येत नाही. कान लगेच अडतो. ज्यांचा कान अडत नाही त्यांनी पुढचे वाक्य पाहावे : फसवणूक झाली म्हणून कोणी पेरायला निघत नाही. तरीही हा पर्याय निवडणारी मुले पुष्कळ असतात, कारण 'घात' म्हटले की त्यांना 'विश्वासघात' आठवतो आणि ती तिथेच थांबतात. इथे व्याकरणानेही एक खूण ठेवली आहे. 'त्याने माझा घात केला', 'पुरता घात झाला' या वाक्यांतला घात पुल्लिंगी आहे. उताऱ्यात 'घात आली' आहे, म्हणजे हा स्त्रीलिंगी शब्द आहे, 'पेरणीची घात' मधला. लिहिण्यात एकच दिसणारे हे दोन शब्द क्रियापदाने वेगळे केले आहेत. मात्र ही खूण मूळ शब्दाची आहे, पर्यायाची नव्हे. 'फसवणूक'ही स्त्रीलिंगीच आहे, म्हणून ती बसते असे नाही. आणि एखादा पर्याय नपुंसकलिंगी आहे म्हणून तो बाद होतो असेही नाही. मुले इथे नेमका घोळ घालतात, म्हणून हे जरा लांबवून सांगितले.

दुसरा पर्याय. "पावसाची सर आली, ते म्हणाले आणि तिफण बाहेर काढली." हे वाक्य कानाला अगदी सरळ लागते. सर येते, ती स्त्रीलिंगी आहे, उतारा पावसाचा आहे, आणि पाऊस आला की शेतकरी पेरतो हे शहरातल्या मुलालाही ठाऊक असते. एकाच वाक्यापुरते पाहिले तर या पर्यायात काहीही खोट नाही. पण आबांनी रात्रभर पाऊस पडून गेल्यावर बैल दावणीला ठेवले होते. ओल्या चिखलात पेरायचे नाही म्हणून ते चार दिवस उन्हाची वाट पाहत थांबले. त्यांनाच पाचव्या दिवशी नवी सर आली असती तर ते आणखी थांबले असते. शिवाय 'घात आली' या शब्दांच्या अगदी आधी त्यांनी आभाळाकडे पाहिलेले नाही, मातीचा गोळा करून पाहिला आहे. पर्याय वाक्यात बसतो, उताऱ्यात बसत नाही.

या प्रकारच्या प्रश्नांत सर्वांत अवघड पर्याय हाच असतो, आणि तो बरोबर उत्तराच्या आधी छापलेला असेल तर जास्तच घात करतो. पहिला बसणारा पर्याय दिसला की गोल रंगवून पुढे जाण्याची सवय ज्यांना आहे, ते तिसऱ्या पर्यायापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून चारही पर्याय बसवून पाहायचे, बरोबर उत्तर सापडले असे वाटले तरीही. उच्च प्राथमिक शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्यांसाठी याला आणखी एक कारण आहे : तिथे काही प्रश्नांना दोन पर्याय अचूक असतात आणि दोन्ही नोंदवावे लागतात. पहिल्यावर थांबणाऱ्याला तिथे गुण मिळत नाही.

तिसरा पर्याय. "पेरणीजोगी ओल आली, ते म्हणाले आणि तिफण बाहेर काढली." वाक्य जरा पुस्तकी वाटते, कारण शेतकरी असे बोलत नाही, पण अर्थाला कुठेही अडत नाही. आधीच्या वाक्यांशी ताडून पाहावे. माती दाबल्यावर गोळा झाला, म्हणजे ओल आहे. गोळा पडून फुटला, म्हणजे चिखल राहिलेला नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती हीच स्थिती. पुढच्या वाक्याशी ताडावे : पेरले आणि आठवड्यात कोंब आले. शेजाऱ्यांच्या कुजलेल्या बियाण्याचीही संगती लागते. उताऱ्यातले एकही वाक्य या अर्थाच्या आड येत नाही.

चौथा पर्यायही सोडायचा नाही. "पेरणीची घाई आली" हे म्हणताना अडखळते. मराठीत घाई होते, घाईला येतात. पण खरे कारण वेगळे आहे. घाई शेजाऱ्यांनी केली आणि आबांनी टाळली, यावरच सारा उतारा उभा आहे. 'घात' आणि 'घाई' यांची पहिली अक्षरे सारखी आहेत आणि 'पेरणी' हा शब्द पर्यायात आयता आला आहे, एवढ्यावर तो निवडला जातो.

म्हणजे एक पर्याय कानाने गेला, एक उताऱ्याच्या घटनाक्रमाने गेला, एक उताऱ्याच्या मुख्य विरोधाने गेला. शिक्षकांना मी आवर्जून सांगेन की मुलाचे उत्तर चुकले एवढेच टिपू नका, कोणता पर्याय निवडून चुकले ते टिपा. पहिला निवडणारा मुलगा उताऱ्यापर्यंत आलेलाच नाही. तो यादीतून उत्तर देतो आहे. दुसरा निवडणारा वाक्य नीट वाचतो, पण वाक्याच्या बाहेर जात नाही. चौथा निवडणारा अक्षरे आणि शब्द जुळवतो. तिघांनाही शून्यच गुण मिळतो, पण तिघांना शिकवायचे वेगवेगळे आहे. पहिल्याला आणखी समानार्थी शब्द पाठ करायला देणे म्हणजे त्याची चूकच पक्की करणे.

आता त्याच उताऱ्यातला दुसरा शब्द, कारण बसवून पाहण्याच्या पद्धतीची मर्यादा त्यात दिसते. 'भोगले' चा उताऱ्यातील अर्थ कोणता? पर्याय : (१) उपभोगले, (२) पाहिले, (३) सोसले, (४) टाळले. 'हाल उपभोगले' असे कोणी म्हणत नाही. 'हाल टाळले' हे वाक्य म्हणून चालते, पण बी चिखलात टाकल्यावर टाळायला काही उरत नाही. उरतात दोन. 'दुबार पेरणीचे हाल त्यांनी पूर्वी दोनदा पाहिले होते' हे वाक्य उत्तम मराठी आहे आणि उताऱ्याच्या कथेलाही बाधा आणत नाही. ज्याने हाल पाहिले तोही शहाणा होऊन थांबू शकतो. मग हा पर्याय का नको?

दोन कारणे आहेत. एक वाक्यातच आहे. 'चिखलात बी टाकून' या शब्दांचा कर्ता आणि 'भोगले' चा कर्ता एकच आहे. बी आबांनीच टाकले होते. तेव्हा ते नुसते पाहणारे नव्हते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. 'भोगणे' या शब्दाला स्वतःची हद्द आहे. त्यात सुख येते, दुःख येते, शिक्षा येते, पण लांबून पाहणे येत नाही. वाक्य शब्दाच्या अनेक अर्थांतून एक निवडू शकते, नवा अर्थ देऊ शकत नाही. म्हणून पर्याय दोन्ही बाजूंनी तपासावा लागतो : तो उताऱ्यात बसतो का, आणि तो या शब्दाचा अर्थ असू शकतो का. केवळ बसवून पाहणारी मुले दुसरा प्रश्न विचारायला विसरतात, आणि वाक्य सुरेख झाले म्हणून चुकीचे उत्तर देतात. समजा पर्यायांत 'अनुभवले' असते तर? भोगणे हा एका परीने अनुभवणेच आहे. पण अनुभव सुखाचा की दुःखाचा हे 'अनुभवले' सांगत नाही, आणि इथे 'हाल' या शब्दाने ते ठरवून टाकले आहे. दोन पर्याय बसत असतील तर उताऱ्यात शब्द जे काम करतो ते पूर्ण सांगणारा पर्याय घ्यावा, अर्धे सांगणारा नव्हे. अर्थात प्रश्न काढणाऱ्याने 'सोसले' आणि 'अनुभवले' एकाच प्रश्नात ठेवूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातून वाचन तपासले जात नाही, वाद वाढतात.

तिसरा शब्द 'तिफण'. शब्द मुळीच माहीत नसेल तर उतारा किती मदत करतो? ती जुंपतात, ती बाहेर काढतात, पेरणीच्या वेळी लागते. एवढ्यावरून ते शेतीचे अवजार आहे आणि पेरणीचे आहे इथपर्यंत पोचता येते. पर्यायांत 'बैलगाडी', 'कुळव', 'विळा' आणि 'पेरणीचे अवजार' असेल तर काम झाले. पण 'दोन फणांचे' आणि 'तीन फणांचे' पेरणीचे अवजार असे दोन पर्याय आले तर उताऱ्यातले काहीही कामाला येत नाही. तिथे शब्दाच्या घडणीकडे पाहावे लागते : 'ति' म्हणजे तीन, जसे तिकाटणे, तिमजली. संदर्भ प्रत्येक वेळी उत्तर देत नाही. कधी तो फक्त दोन पर्याय बाद करतो. विद्यार्थ्याने हे ओळखले पाहिजे, नाहीतर जिथे खूण नाही तिथे तो खूण शोधत बसतो आणि वेळ घालवतो.

वेळेचा हिशेब खरोखर कडक आहे. शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात भाषा आणि गणित मिळून ७५ प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद, आणि त्यात उतारा वाचणेही आले. चार पर्याय वाक्यात बसवून मनात म्हणायला सराव झालेल्या मुलाला अर्धे मिनिट पुरते. सराव नसेल तर दोन मिनिटे लागतात, आणि मग तो पद्धत सोडून अंदाजावर येतो. म्हणून सुरुवातीच्या उताऱ्यांना घड्याळ लावू नये. पद्धत अंगवळणी पडल्यावर वेग आपोआप येतो. वेग आधी मागितला तर पद्धत येतच नाही.

एकही पर्याय निश्चित होत नाही अशी वेळ आली तर काय करायचे हे परीक्षेवर अवलंबून आहे. शिक्षक पात्रता परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा दोन पर्याय बाद करून उरलेल्यांतून एक निवडण्यात तोटा नाही. राज्य लोकसेवा आयोगाच्या वस्तुनिष्ठ परीक्षांत चुकीच्या उत्तरासाठी त्या प्रश्नाचे पाव गुण जातात. तिथेही दोन पर्याय खात्रीने गेले असतील तर उत्तर देणे फायद्याचेच ठरते. एकही गेला नसेल तर प्रश्न सोडून पुढे जावे. खात्रीने गेले म्हणजे कारण सांगता येते. 'हा नसावा असे वाटते' याला खात्री म्हणत नाहीत.

प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. 'घात' हा शब्द ज्या घरात रोज बोलला जातो त्या घरातल्या मुलाला वरचा उतारा वाचण्याची गरजच नाही; तो थेट तिसरा पर्याय निवडतो. मुंबईतल्या मुलाला मात्र सगळी खटपट करावी लागते. एकच प्रश्न एकाची माहिती तपासतो आणि दुसऱ्याचे वाचन. यावर उपाय म्हणून असे शब्दच टाळावेत, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ते शब्द टाळले तर उतारे कोरड्या पुस्तकी भाषेत येतात आणि मराठी जिथे खरी जिवंत आहे ते सगळे परीक्षेबाहेर राहते. त्यापेक्षा पाच उताऱ्यांत पाच वेगळ्या ठिकाणचे शब्द घ्यावेत. शिंप्याच्या दुकानातली 'माया' म्हणजे शिवणीसाठी सोडलेले जादा कापड, हे शेतकऱ्याच्या मुलाला कदाचित उताऱ्यातूनच काढावे लागेल. बाजारपेठेतला 'भाव', तालमीतला 'डाव', नदीकाठचा 'उतार' यांचेही तसेच. या पुस्तकातले उतारे निवडताना हाच विचार केला आहे. प्रत्येक उताऱ्यात अर्थाची खूण दोन ठिकाणी तरी आहे, एक अधोरेखित शब्दाच्या वाक्यात आणि एक त्या वाक्याबाहेर. जिथे अशी दुसरी खूण देता आली नाही तो शब्द अधोरेखित केलेला नाही.

काही उताऱ्यांत शब्दाचा नेहमीचा अर्थच बरोबर आहे. हेही मुद्दाम आहे. 'ओळखीचा अर्थ हमखास चूक असतो' असा नियम मुले दोन आठवड्यांत बनवतात आणि मग साध्या प्रश्नांतही आडवळणाचे उत्तर शोधतात. पर्याय ओळखीचा आहे की अनोळखी, यावर त्याचे बरेवाईट ठरत नाही. चारही पर्यायांना तीच दोन्ही बाजूंची तपासणी लावायची. तसेच काही प्रश्न विरुद्धार्थी शब्दाचे आहेत. तिथे आधी उताऱ्यातला अर्थ निश्चित करावा, तो समासात लिहावा आणि मग त्याच्या उलट काय ते शोधावे. अशा प्रश्नांत समानार्थी शब्द बहुधा पर्यायांत असतोच, आणि अर्थ काढण्याचे अवघड काम बरोबर करून झाल्यावर मुले नेमकी त्याच्यावर खूण करून मोकळी होतात.

पुस्तकाच्या शेवटी उत्तरे दिली आहेत, पण नुसता पर्यायाचा क्रमांक दिलेला नाही. प्रत्येक प्रश्नाखाली तीन चुकीचे पर्याय का गेले, हे एकेका ओळीत लिहिले आहे. शिक्षकांना आणि पालकांना विनंती अशी की मुलाने स्वतःच्या वहीत या तीन ओळी लिहिल्याशिवाय त्याला ती पाने उघडू देऊ नयेत. उत्तर बरोबर आणि तीन ओळी कोऱ्या असतील तर तो प्रश्न सुटलेला नाही असे समजावे. आणि एखाद्या प्रश्नात आम्ही चूक ठरवलेला पर्याय आपल्याला कारणासह बरोबर वाटला, तर तो उतारा आणि आपले कारण आम्हाला अवश्य लिहून पाठवावे. पुढच्या आवृत्तीत तो प्रश्न दुरुस्त करू किंवा काढून टाकू.